स्तंभाचा मुद्दा आधी एका वाक्यात

‘मराठवाड्यात पाणीटंचाई गंभीर आहे’ हा विषय झाला, मत नव्हे. त्याला नाही कोण म्हणणार? ‘टंचाईच्या तालुक्यात उसाला ठिबक सक्तीचं करा’ म्हटलं की वाद सुरू होतो.

आता पुरावा. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे सगळे लिहितात. पण त्यातून टंचाई दिसते, ठिबकची गरज सिद्ध होत नाही. त्यासाठी ठिबक आणि पाटपाण्यावरच्या उसाला किती पाणी लागलं, याचे आकडे शेजारी-शेजारी मांडा. ‘ऊसच हमखास पैसा देतो, ठिबकचा खर्च कोण करणार?’ हा शेतकऱ्याचा सवाल टाळू नका, तिथंच उत्तर द्या.

शेवटी ‘सरकारनं लक्ष द्यावं’ नको. खर्चाचा वाटा कारखान्यानं उचलावा की शासनानं, आणि कोणत्या हंगामापासून, ते लिहून थांबा.