पाणी ओतायचा पाच दिवसांचा प्लॅन आणि माझी नोंदवही

नाशिकला सातपूरच्या एका बालवाडीत ट्रेनिंगला होते तेव्हा मी पहिला प्लॅन लिहिला. खेळ पाणी ओतायचा, मुलं साडेतीन-चार वर्षांची, आणि उद्दिष्ट काय तर "जास्त-कमी समजेल". तिथेच चुकलं. पसरट वाटीतलं पाणी उंच ग्लासात ओतलं की या वयाची मुलं ठाम सांगतात, आता जास्त झालं. कितीही समजवा, उत्तर तेच. मानसशास्त्रज्ञ पियाजेने हेच दाखवलं होतं, पाणी तेवढंच राहतं हे साधारण सातव्या वर्षाच्या आसपास कळायला लागतं, म्हणजे मी मुलांकडून अजून न येणारी गोष्ट मागत होते. बालवाडीच्या ताई म्हणाल्या, डोळ्यांना दिसेल असं उद्दिष्ट लिही. मग लिहिलं: मनगट वळवून ओततो, खुणेपाशी थांबतो, आणि भरलं-रिकामं-अर्धं हे शब्द खेळताना आपणहून वापरतो.

पहिल्या दिवशी परातीत गहू आणि दोन स्टीलचे पेले, कारण गहू सांडले तरी वेचता येतात आणि वेचताना चिमटीचा सराव आपोआप होतो (पण दाणे नाकात जातात, त्यामुळे आपण तिथून उठायचं नाही). दुसऱ्या दिवशी रवा, तो जवळजवळ पाण्यासारखा वाहतो. तिसऱ्या दिवशी पाणी, चोचीचं छोटं भांडं, पुसायला जुनं सुती फडकं मुलांच्याच हाताशी. चौथ्या दिवशी ग्लासला रबरबँड, तिथपर्यंतच भरायचं. पाचव्या दिवशी चहाची टपरी, गिऱ्हाईक कोण, चहावाला कोण ते मुलंच ठरवतात. एका वेळी चारच मुलं, जास्त झाली की बघणं जमत नाही.

नोंदीचं सांगते, कारण सगळं तिथेच अडतं. एका मुलाबद्दल मी लिहिलं "लक्ष देत नाही, सांडतो". यावरून उद्या काय करायचं ते काहीच कळेना. दुसऱ्यांदा नुसतं दिसलं ते लिहिलं: "भांडं काठोकाठ भरलेलं. उजव्या हाताने धरलं, मनगट वळलं नाही, कोपर आणि खांदा वर गेला, पाणी एकदम आलं. स्वतः फडकं घेऊन पुसलं, परत भरलं. असं सहा वेळा." सहा वेळा करणारं पोर लक्ष देत नाही कसं म्हणणार? अडचण वजनाची होती. चौथ्या दिवशी त्याला तेच भांडं फक्त एक तृतीयांश भरून दिलं आणि दुसरा हात खाली धरायला दाखवला. तेव्हाची नोंद: "मनगट वळलं. रबरबँडच्या थोडं वर थांबला. म्हणाला, अर्धा झाला."

टपरीच्या दिवशी तो चहावाला झाला. त्या दिवशी मी त्याचं ओतणं नाही, बोलणं लिहून घेतलं.