जर्नल देते, पण आधी दहा हजार कुठून आले ते सांग

काल रात्री तू रूमवर येऊन माझं फिजिऑलॉजीचं जर्नल मागितलंस. देणार आहे. विश्रामबागला झेरॉक्स मारून आणायच्या आधी मात्र हे पत्र पूर्ण वाच, कारण मीही पहिल्या वर्षी एका ताईचं जर्नल असंच उतरवलं होतं आणि व्हायवात फसले होते.

आरबीसी काउंटचंच सांगते. अक्षर माझं सुंदर होतं. डाव्या पानावर पेन्सिलनं न्यूबावर चेंबर काढलेलं, उजव्या पानावर शाईनं कृती, शेवटी चौकटीत 'N × १०,०००'. सरांनी जर्नल मिटून बाजूला ठेवलं आणि विचारलं, "रक्त ०.५ ऐवजी १ च्या खुणेपर्यंत घेतलं असतं तर कितीने गुणशील?" मी म्हणाले, दहा हजार. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हणाले. पुढचं काही ऐकूच आलं नाही. अजून ते टेबल आठवलं की पोटात कालवतं.

आता नीट वाच. दहा हजार हा दोन आकड्यांचा गुणाकार आहे, ५० आणि २००.

पन्नास चेंबरमधून येतात. सर्वांत लहान चौकोनाची बाजू १/२० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ १/४०० चौरस मिलिमीटर. खोली १/१० मिलिमीटर, म्हणून एका चौकोनाचं घनफळ १/४००० घन मिलिमीटर. मधल्या भागातले चार कोपरे आणि केंद्र असे पाच गट आपण मोजतो. प्रत्येक गटात १६ चौकोन, एकूण ८०. ८० भागिले ४००० म्हणजे १/५० घन मिलिमीटर. पूर्ण १ घन मिलिमीटरसाठी ५० ने गुणायचं.

दोनशे पिपेटमधून येतात, आणि सगळे इथेच अडकतात. खूण तर १०१ ची आहे, मग २०० कसे? टोकापासून १ च्या खुणेपर्यंतच्या नळीत १ भाग मावतो, लाल मणी असलेल्या फुग्यात १०० भाग. रक्त ०.५ पर्यंत ओढलं आणि मागून हायमचं द्रावण १०१ पर्यंत घेतलं, की रक्त सगळं वर फुग्यात जातं. नळीत शेवटी उरतो तो १ भाग नुसतं द्रावण. म्हणजे १०० भागांत ०.५ रक्त, २०० पट विरल. पहिले दोन-तीन थेंब टाकून द्यायचे ते याचसाठी, त्यांत पेशी नसतात. एवढं एक चित्र डोळ्यांपुढे आलं की दोन प्रश्न सुटतात. आणि १ पर्यंत रक्त घेतलं तर विरलता १०० पट, म्हणून ५० × १००, पाच हजारांनी गुणायचं. मला एवढंच सांगता आलं नव्हतं.

जर्नलमध्ये ही मांडणी पायरी-पायरीनं लिही, नुसतं सूत्र नको. आकडे तुझेच हवेत. समज, पाच गटांत ९४, १०१, ९७, ९२, ९६ आले. बेरीज ४८०, काउंट ४८ लाख. हे टेबलावरच कच्च्या वहीत पेननं लिही, खोडू नकोस. एखाद्या गटात ६० आणि शेजारी १२० आले, तर पेशी सारख्या पसरलेल्या नाहीत. चेंबर धुऊन, पिपेट पुन्हा हलवून परत भर. द्रावण खाचेत सांडलं असेल किंवा कव्हरस्लिपखाली बुडबुडा असेल, तरीही परतच. रेषेवरच्या पेशींचं धोरण आधी ठरव: डावी आणि वरची रेषा धरायची, उजवी आणि खालची सोडायची. "कुठल्या धरल्यास?" हे हमखास विचारतात.

बोट दाबून रक्त काढू नकोस. ऊतींतलं पाणी मिसळतं आणि काउंट कमी येतो. मला हे लॅबमधल्या मामांनी सांगितलं. व्हायवाच्या तयार नोट्सपेक्षा त्यांच्या शेजारी दहा मिनिटं उभं राहणं जास्त कामाचं, असं माझं ठाम मत आहे. त्या नोट्समधली उत्तरं सगळी मुलं एकाच चालीत म्हणतात आणि सरांना ती चाल पाठ असते.

घाबरू नकोस. आकृतीत रेषा थोडी वाकडी गेली म्हणून कुणी नापास करत नाही. एखादं उत्तर अडलं तर पिपेटपासून मोठ्यानं सुरुवात कर, सर थांबतात, मी पाहिलंय.

शनिवारी मेसच्या जेवणानंतर ये. कोरा कागद आण, त्यावर २०० आणि ५० मला काढून दाखव, आणि मग जर्नल घेऊन जा.

तुझी ताई