‘हॅव पेंटेड’ की ‘हॅव बीन पेंटिंग’? हातावरचा रंग बघून ठरवा

‘सिन्स’ किंवा ‘फॉर’ दिसलं की डोळे मिटून ‘हॅव बीन’ लावायचं आणि क्रियापदाला ‘आयएनजी’ जोडायचं, हा सल्ला तुम्हाला शाळेत, क्लासमध्ये किंवा एखाद्या व्हिडिओत मिळाला असेल, तर तो आधी विसरा. त्याच सल्ल्यातून ‘आय हॅव बीन नोइंग हिम सिन्स २०१५’ असली वाक्यं जन्माला येतात. ती दुरुस्त करण्यात माझा अर्धा वर्ग संपतो. दोन्ही काळांची रचना तुम्हाला येते असं मी धरून चालते: पूर्ण वर्तमानकाळात ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप, चालू पूर्ण वर्तमानकाळात ‘हॅव बीन’ किंवा ‘हॅज बीन’ आणि ‘आयएनजी’. अडतं ते निवडीपाशी. निवड करताना खालचे प्रश्न ह्याच क्रमाने विचारा.

१. वाक्यात संपलेली वेळ आहे का?

काल, मघाशी, गेल्या वर्षी, २०१९ मध्ये असं काही असेल तर दोन्ही काळ बाद. साधा भूतकाळ वापरा आणि पुढचे प्रश्न सोडून द्या.

२. क्रियापद ‘करण्याचं’ आहे की ‘असण्याचं’?

ओळखणं, माहीत असणं, जवळ असणं, मालकीचं असणं, आवडणं, विश्वास असणं ह्यांत हात-पाय हलत नाहीत, काही ‘चालू’ नसतं. अशा क्रियापदांना कितीही वर्षांचा कालावधी जोडला तरी ‘आयएनजी’ लागत नाही. ‘मी त्याला दहा वर्षं ओळखते’ म्हणजे ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’. ‘हा फोन माझ्याकडे २०२१ पासून आहे’ म्हणजे ‘आय हॅव हॅड धिस फोन सिन्स २०२१’. ‘हॅव हॅड’ कानाला विचित्र वाटतं म्हणून बरेच जण ‘आय हॅव बीन हॅविंग’कडे वळतात. वळू नका. ‘हॅव हॅड’ बरोबर आहे.

३. कालावधी आहे आणि काम अजून चालू आहे का?

मग चालू पूर्ण वर्तमानकाळ. ‘दोन तासांपासून वाट बघतोय’ म्हणजे ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर टू अवर्स’. मराठीत इथे साधा ‘बघतोय’ पुरतो, म्हणून आपल्या तोंडून ‘आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स’ निघतं. मुंबई-पुण्याच्या ऑफिसात त्यावर कुणी भुवई उंचावणार नाही. पण आयईएल्ट्सच्या बोलण्याच्या आणि लिहिण्याच्या परीक्षेत चार निकषांपैकी एक व्याकरणाचा असतो, आणि तिथे ही चूक नजरेत भरते. एका वाक्यात दोन चुका आहेत. ‘ॲम’ तर चुकलंच, शिवाय आपला एकच ‘पासून’ इंग्रजीत दोन ठिकाणी विभागला जातो. सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’ (सकाळपासून, सोमवारपासून), वेळाची लांबी सांगायची असेल तर ‘फॉर’ (दोन तास, तीन महिने).

‘राहणं’ आणि ‘नोकरी करणं’ ह्या दोन क्रियापदांना दोन्ही काळ चालतात. ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स’ आणि ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स’ ह्यांत डोकं फोडून घेण्याइतका फरक नाही. मुक्काम तात्पुरता वाटत असेल तर दुसरं वाक्य घ्या.

४. काम थांबलंय, पण खुणा समोर आहेत का?

लोक खरे अडखळतात ते इथे. मीही इथे बरेच दिवस घुटमळले होते, कारण मला कुणी खुणा दोन प्रकारच्या असतात हे सांगितलंच नव्हतं. व्याकरणाच्या पुस्तकांत ‘पूर्ण वर्तमानकाळ परिणाम दाखवतो’ असं लिहिलेलं असतं, आणि दोन पानांनंतर चालू पूर्ण वर्तमानकाळाखालीही ‘परिणाम दिसतो’ असंच. मग वाचणाऱ्याने काय करायचं?

कांदा घ्या. तुम्ही पोह्यांसाठी कांदा चिरला. ताटलीत बारीक चिरलेला कांदा तयार आहे आणि तुम्ही आत हाक मारून सांगताय, कांदा झाला, फोडणी टाका. हे ‘आय हॅव चॉप्ड द अनियन्स’. ज्यासाठी विळी घेऊन बसलात ते काम पार पडलं, आणि ते कांद्याकडे बघून कळतं. आता तेवढ्यात बेल वाजली, तुम्ही दार उघडलं, शेजारीण तुमचे लाल, पाणावलेले डोळे बघून घाबरली. तिला तुम्ही म्हणाल, ‘आय हॅव बीन चॉपिंग अनियन्स’. डोळ्यांतून पाणी यावं म्हणून कुणी कांदा चिरत नाही. ते कामाच्या ओघात झालं, आणि ते तुमच्याकडे बघून कळतं.

म्हणजे स्वतःला विचारायचं ते एवढंच: समोर दिसतंय ते कामाचं फळ आहे, की काम करताना अंगावर उडालेलं काही? भिंत रंगवून झालीये, ती दाखवायची आहे: ‘आय हॅव पेंटेड द वॉल’. हाताला, केसांना रंग लागलाय आणि कुणीतरी ‘हा काय अवतार?’ विचारतंय: ‘आय हॅव बीन पेंटिंग’. भिंत पूर्ण झाली की अर्धी राहिली, ह्याबद्दल दुसरं वाक्य गप्प असतं.

हे गप्प असणं नीट समजून घ्या. ‘चालू’ हे नाव बघून बहुतेकांना वाटतं की चालू पूर्ण वर्तमानकाळ म्हणजे काम अजून चालूच असलं पाहिजे. तसं नाही. शेजारणीशी बोलताना विळी केव्हाच धुऊन ठेवलेली असू शकते. काम नुकतंच थांबलेलं असावं आणि त्याची खूण अजून ताजी असावी, एवढंच लागतं.

आणि इथेच मराठी आपल्याला चकवते. मैत्रिणीचे डोळे सुजलेले बघून आपण काय विचारतो? ‘रडत होतीस का?’ त्या ‘होतीस’वर बोट ठेवून आपण लगेच ‘वेअर यू क्राइंग?’ म्हणतो. इंग्रजीत, समोर सुजलेले डोळे दिसत असताना, प्रश्न येतो ‘हॅव यू बीन क्राइंग?’ घामाघूम होऊन आलेल्या मुलाला ‘धावत होतास का?’ म्हणजे ‘हॅव यू बीन रनिंग?’ अंगण ओलं दिसलं की ‘पाऊस पडत होता वाटतं’ म्हणजे ‘इट हॅज बीन रेनिंग’. तिन्ही ठिकाणी मराठीत ‘होता’, ‘होतीस’ आहे, आणि तिन्ही ठिकाणी खूण डोळ्यांसमोर आहे. मराठीतला ‘होता’ दिसला म्हणून ‘वॉज’ लिहू नका. आधी खूण आहे का ते बघा. खूण नसेल आणि एखादा ठरावीक क्षण धरून विचारायचं असेल, जसं ‘मी फोन केला तेव्हा रडत होतीस का?’, तर मात्र ‘वेअर यू क्राइंग व्हेन आय कॉल्ड?’ हेच बरोबर.

अर्धवट राहिलेल्या कामाचीही गंमत ह्याच पायरीवर आहे. दिवाळीत चिवड्याचा डबा उघडलात. डबा पार रिकामा असेल तर ‘हू हॅज ईटन द चिवडा?’ डबा वरून चार बोटं उतरलाय, रोज कुणीतरी येता-जाता मूठ मारतंय, तर ‘हू हॅज बीन ईटिंग द चिवडा?’ पहिल्यात चिवडा संपला. दुसऱ्यात अजून शिल्लक आहे आणि चोरी बहुधा उद्याही होईल. पुस्तकाचंही तसंच. ‘आय हॅव रेड युअर बुक’ म्हटलंत तर समोरचा शेवटाबद्दल विचारणार. अर्ध्यावर असाल तर ‘आय हॅव बीन रीडिंग युअर बुक’ म्हणा आणि सुटका करून घ्या.

५. आकडा आला का?

किती केलं, किती वेळा केलं हे सांगितलंत की पूर्ण वर्तमानकाळ. ‘आय हॅव रिटन थ्री मेल्स’. किती वेळ केलं हे सांगितलंत तर चालू पूर्ण. ‘आय हॅव बीन रायटिंग मेल्स सिन्स धिस मॉर्निंग’. ‘आय हॅव बीन रायटिंग थ्री मेल्स सिन्स धिस मॉर्निंग’ असं दोन्ही एकत्र कोंबू नका.

एका क्षणात घडून जाणाऱ्या गोष्टींनाही ‘आयएनजी’ जपून. ‘किल्ली हरवलीये’ म्हणजे ‘आय हॅव लॉस्ट माय की’. ‘आय हॅव बीन लूझिंग माय कीज’ म्हटलंत तर हल्ली तुमच्या किल्ल्या वारंवार हरवतात असा अर्थ होतो.

आता एक निरोप पूर्ण करून बघू

समजा तुमचे घरमालक लंडनला राहतात आणि त्यांच्या इंग्रज सुनेला घरातल्या गळतीबद्दल कळवायचं आहे. मराठीत तुमच्या मनात असं आहे: ‘सकाळपासून पाणी नाही. प्लंबर दोन तासांपासून काम करतोय. त्याने दोन वॉशर बदललेत, पण गळती थांबलेली नाही. सगळीकडे धूळ झालीये, तो भिंत फोडत होता. आत्ता चहाला गेलाय. कालही आला होता. मी त्याला बरीच वर्षं ओळखतो.’

पहिलं वाक्य ‘असण्याचं’, म्हणून ‘देअर हॅज बीन नो वॉटर सिन्स धिस मॉर्निंग’. इथल्या ‘बीन’ला भुलून पुढे ‘आयएनजी’ शोधू नका, हे ‘बी’चंच तिसरं रूप आहे. दुसऱ्यात कालावधी आहे आणि काम अर्धवट: ‘द प्लंबर हॅज बीन वर्किंग फॉर टू अवर्स’. तो चहाला गेला असला तरी चालतं, काम संपलेलं नाही. तिसऱ्यात आकडा आला: ‘ही हॅज चेंज्ड टू वॉशर्स, बट द लीक हॅजन्ट स्टॉप्ड’. गळती थांबणं ही क्षणाची गोष्ट, म्हणून तिथेही साधं पूर्ण.

धुळीच्या वाक्यात तुमचा हात ‘वॉज’कडे जाईल. धूळ हे भिंत फोडण्याचं फळ नाही, कामात उडालेली खूण आहे, आणि ती आत्ता समोर आहे: ‘देअर इज डस्ट एव्हरीव्हेअर बिकॉज ही हॅज बीन ब्रेकिंग द वॉल’. ह्याऐवजी ‘ही हॅज ब्रोकन द वॉल’ लिहिलंत तर प्लंबरने भिंतच पाडून ठेवली असं वाटून लंडनहून लगेच फोन येईल. चहाला गेलाय, म्हणजे आत्ता इथे नाही: ‘ही हॅज गॉन फॉर टी’. ‘काल’ आहे म्हणून ‘ही केम यस्टरडे टू’. शेवटी ‘आय हॅव नोन हिम फॉर मेनी इयर्स’.

संध्याकाळी प्लंबर हात पुसत बाहेर आला आणि नळ टिपटिपायचा थांबला की दुसरा निरोप एका ओळीचा: ‘ही हॅज फिक्स्ड इट’. तो ‘झालं’ म्हणाला पण नळाखाली बादली अजून भरतेच आहे, तर ‘ही हॅज बीन फिक्सिंग इट ऑल डे’ लिहा आणि पैसे उद्यावर ढकला.