ग्रुपवर जाहिराती थांबवण्याची ताकीद कशी लिहावी

गच्चीवरच्या बागेचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे जास्वंदीला लागलेल्या पिठ्या ढेकणाचा फोटो टाकून कोणी उपाय विचारला, की लगेच खाली 'एनए प्लॉट, सुलभ हप्ते' येऊन आदळायचं. टाकणारे काका एकच, आणि गंमत म्हणजे ओल्या कचऱ्याच्या खतावर त्यांच्याइतकं नेमकं सांगणारं ग्रुपवर दुसरं कोणी नाही. नव्या ॲडमिनसमोर अवघड प्रश्न असाच येतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिला निरोप खासगीत द्यावा. 'काका, प्लॉटची पोस्ट आपल्या ग्रुपच्या विषयाबाहेरची आहे, कृपया काढाल का?' एवढं पुरतं. त्यांनी 'हो हो' म्हटलं आणि आठवड्यात विम्याची जाहिरात टाकली. मग ग्रुपवर लिहिणं भाग पडलं. त्याआधी मी ती पोस्ट उडवली नाही. ॲडमिनने मेसेज काढला की तशी खूण सगळ्यांना दिसते, मग 'काय होतं, काय होतं' हीच चर्चा रंगते.

मी लिहिलं ते असं:

'नमस्कार मंडळी. गेल्या दोन आठवड्यांत ग्रुपवर प्लॉट आणि विम्याच्या चार जाहिराती आल्या. त्याखाली झाडांचे प्रश्न दबून जातात. काल पिठ्या ढेकणाबद्दल विचारलेल्या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेलं नाही. बागेशी संबंध नसलेली जाहिरात इथे चालणार नाही. रोपं, बिया, खत, कुंड्या विकायच्या असतील तर रविवारी एक पोस्ट टाकावी, किंमत लिहावी. यापुढे विषयाबाहेरची जाहिरात आली तर ती काढली जाईल. त्यानंतरही त्याच व्यक्तीने टाकली तर तिला ग्रुपमधून काढावं लागेल. हा नियम आम्हा ॲडमिननाही लागू आहे.'

नाव घातलं नाही. कोणाबद्दल आहे ते सगळ्यांना कळतंच, पण नाव नसल्याने काकांना गप्प राहायला जागा उरते. 'काही लोकांना कळत नाही' छापाचे टोमणे मात्र अजिबात नकोत. त्यापेक्षा नाव घेतलेलं परवडलं. आकडा आणि काल अनुत्तरित राहिलेला प्रश्न, या दोन गोष्टींमुळे ताकीद ॲडमिनच्या मर्जीची वाटत नाही. रविवारची सोयही महत्त्वाची, कारण घरी रोपं करून विकणाऱ्या ताईंना आणि प्लॉटवाल्यांना एकाच काठीने हाकणं अन्यायाचं.

शेवटच्या वाक्याची परीक्षा लवकरच झाली. आमच्याच एका ॲडमिनने भाच्याच्या क्लासची जाहिरात टाकली. तीही काढली, त्यांनाही सांगितलं. ते दोन दिवस रुसले.

'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील' ही सेटिंग मात्र या कामासाठी वापरू नका. एकाच्या जाहिरातीपायी मिरचीची पानं का वळली, हे विचारणाऱ्याचं तोंड बंद होतं.