कलंक आणि मदत : आढाव्याच्या प्रकरणातील या चुका टाळा

परदेशी स्थायिक झालेल्या समुदायांत मानसिक आजाराला चिकटलेला कलंक आणि मदत घेण्याची वाट यांवरील प्रबंधांतली पूर्वसंशोधनाच्या आढाव्याची प्रकरणे मी अनेक वर्षे तपासत आलो आहे. त्यांत सर्वाधिक वेळा दिसणारी चूक म्हणजे मत, इरादा आणि प्रत्यक्ष कृती यांना एकच मानणे. फिशर आणि टर्नर यांची १९७० ची मापनी व्यावसायिक मदतीविषयीचे मत विचारते. माणूस खरोखर डॉक्टरकडे गेला का, हे ती विचारत नाही.

वाशीत राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने ३१ शोधनिबंधांच्या आधारे लिहिले होते, "कलंकामुळे स्थलांतरित उपचारांपासून दूर राहतात." मीही ते वाक्य तसेच जाऊ दिले. मौखिक परीक्षेत परीक्षकांनी विचारले, "यांपैकी किती निबंधांनी उपचार घेतले की नाही हे मोजले आहे?" त्या रात्री तिने एकेक निबंध उघडून मोजले : २२ मतांचे, ६ इराद्याचे आणि फक्त ३ प्रत्यक्ष कृतीचे. त्या तिघांतही दोन निबंधांत दवाखान्यात आलेल्यांनाच प्रश्न विचारले होते, म्हणजे जे आलेच नाहीत ते नमुन्याबाहेर राहिले होते. शेवटी वाक्य असे झाले : "कलंकाची भावना अधिक असलेल्यांचे मदतीविषयीचे मत अधिक प्रतिकूल आढळते, प्रत्यक्ष उपचारांविषयीचा पुरावा मात्र तुटपुंजा आहे." या एका वाक्यासाठी तीन आठवडे गेले. केवळ सारांश वाचून वह्या भरणाऱ्यांचे हेच होते. तेव्हापासून मी निबंध उघडताच आधी कार्यपद्धती वाचतो आणि काय विचारले, कोणाला, कोणत्या भाषेत, हे तीन रकान्यांत लिहून ठेवतो.

दुसरी चूक म्हणजे 'एशियन' या शब्दावर विसंबणे. ब्रिटनमध्ये बोलताना त्याचा रोख बहुधा भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून आलेल्यांकडे असतो, तर अमेरिकेत त्यात चिनी, कोरियन, जपानी असे सारेच येतात. त्यामुळे दोन्हीकडचे निष्कर्ष एका परिच्छेदात जोडण्यापूर्वी नमुन्यात कोण होते, हे नक्की पाहावे.

लोक काय म्हणतील ही भीती आणि स्वतःविषयी वाटणारी लाज यांची सरमिसळ करू नये. पहिल्या पिढीचे निष्कर्ष तिकडेच जन्मलेल्या मुलांना चिकटवू नयेत.

सगळा दोष कलंकावर टाकण्याची घाईही टाळावी. क्लेमेंट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १४४ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा कलंकाचा परिणाम लहान ते मध्यम आढळला आणि अडथळ्यांच्या क्रमवारीत कलंक चौथा आला. कलंकाशी निगडित अडथळ्यांत आजार इतरांना कळेल ही धास्ती सर्वाधिक वेळा नोंदली गेली होती, म्हणून प्रकरणात तिला स्वतंत्र उपशीर्षक द्यावे, आणि भाषा, खर्च, विमा यांच्यासाठीही जागा ठेवावी.