या चुका टाळा : व्हाउचरवर टिक मारली म्हणजे व्हेरिफिकेशन झालं नाही

आमच्या ठाण्याच्या ऑफिसात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी काम शिकायला आली होती. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपचं 2024-25चं ऑडिट चालू होतं. दोन दिवसांत तिने खर्चाच्या सगळ्या व्हाउचरवर हिरव्या पेनाने टिक मारली आणि म्हणाली, "सर, खर्चाचं व्हेरिफिकेशन झालं." झालं होतं ते व्हाउचिंग, आणि तेही अर्धंच.

व्हाउचिंगमध्ये आपण वहीतली नोंद घेऊन तिच्यामागचा कागद शोधतो. व्हेरिफिकेशनमध्ये ताळेबंदातली रक्कम घेऊन विचारतो : 31 मार्चला हे खरंच आहे का, धंद्याचंच आहे का, किंमत बरोबर धरली आहे का? खर्च नफातोट्याला जातो, म्हणून त्याचं व्हाउचिंग. पण खर्चाचा जो तुकडा ताळेबंदात जाऊन बसतो, म्हणजे आगाऊ दिलेला किंवा द्यायचा राहिलेला, त्याचं व्हेरिफिकेशनच करावं लागतं.

व्हाउचर हाच पुरावा समजणं

पेमेंट व्हाउचर धंद्यातलाच माणूस लिहितो, मालक सही करतो. पैसे द्यायला परवानगी होती, एवढंच त्यातून कळतं. खरा पुरावा म्हणजे बाहेरून आलेलं बिल आणि पावती. व्हाउचर क्रमांक 214 बघा : तारीख 1 जानेवारी 2025, विमा हप्ता 24,000 रुपये, चेकने. मुलीने रक्कम, तारीख, सही जुळवली आणि पुढे गेली. मी पॉलिसी मागवली. ती मालकाच्या घरच्या गाडीची निघाली असती, तर पावती अस्सल असूनही तो खर्च धंद्याचा ठरला नसता. रक्कम मालकाच्या उचलीत टाकावी लागली असती. सुदैवाने पॉलिसी वर्कशॉपच्या मशिनरीचीच होती. म्हणून बिलावरचं नाव आणि कशासाठी हे दोन्ही वाचल्याशिवाय टिक मारायची नाही.

टिक मारून थांबणं

त्याच पॉलिसीवर मुदत होती 1 जानेवारी ते 31 डिसेंबर 2025. म्हणजे 31 मार्चपर्यंत वापरले तीनच महिने : 6,000 रुपये. उरलेले 18,000 रुपये आगाऊ विमा म्हणून ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला. वहीत मात्र पूर्ण 24,000 खर्ची पडले होते. व्हाउचिंगच्या नजरेने व्हाउचर निर्दोष, तरी नफा 18,000ने कमी दिसत होता. दुरुस्तीची नोंद टाकल्यावर या 18,000चं व्हेरिफिकेशन करायचं : पॉलिसी 31 मार्चला चालू आहे ना, मधेच रद्द केली नाही ना, उरलेले नऊ महिने बरोबर मोजले ना. एकाच व्हाउचरवर अशी दोन कामं.

जे वहीतच नाही, ते व्हाउचरच्या फायलीत शोधणं

यात भलेभले फसतात. व्हाउचिंग नोंदीपासून कागदाकडे जातं. नोंदच नसेल तर सुरुवात करायला काही हातातच नाही, मग भले शंभर टक्के व्हाउचर तपासा.

लाइट बिलाच्या खात्यात बारा नोंदी होत्या. मुलगी खूश. मी म्हटलं, पहिलं बिल कुठल्या महिन्याचं आहे बघ. एप्रिल 2024मध्ये भरलेलं ते बिल मार्च 2024चं होतं, 16,900 रुपयांचं. शेवटचं फेब्रुवारी 2025चं. म्हणजे मार्च 2025चं बिल गायब! ते सापडलं पुढच्या वर्षाच्या फायलीत, 16 एप्रिल 2025च्या व्हाउचरला टाचलेलं, 18,640 रुपयांचं.

आता गंमत बघा. एक महिना आत आला, एक बाहेर गेला, त्यामुळे वर्षाच्या खर्चात फरक फक्त 1,740चा. एवढ्याने कुणाला संशय येणार? पण ताळेबंदात देणं मात्र पूर्ण 18,640ने कमी दाखवलं गेलं होतं. ते व्हाउचिंगने कळत नाही. त्यासाठी एप्रिल-मे महिन्यांची पेमेंट व्हाउचर काढून प्रत्येकामागचं बिल कुठल्या काळाचं आहे ते बघावं लागतं. भाडं, पगार, ऑडिट फी, सगळ्यांना हेच.

आम्ही मार्च 2025चं बिल लाइट खर्चाला नावे आणि देय खर्चाला जमा केलं. मार्च 2024चे 16,900 हे मागच्या वर्षीचे, ते चालू खर्चातून काढून नफातोट्यात वेगळे दाखवले. 16 एप्रिलच्या व्हाउचरची नोंदही बदलली : आता तो 2025-26चा खर्च नाही, जुन्या देण्याची फेड आहे.