सॉफ्टवेअरच्या सीट कमी करताना या चुका टाळा

कोल्हापूरकडचं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, उद्यमनगर. कुठल्याही कारखान्यात गेलं की अकाउंट्सवाला एकच प्रश्न विचारतो, "साहेब, आमची माणसं कमी झाली, बिल का कमी होत नाही?" बिल येतं सीटचं, आणि सीट म्हणजे एका माणसासाठी विकत घेतलेलं एक लायसन्स. या प्रश्नाचं उत्तर मी इतक्या वेळा दिलंय की आता लिहूनच ठेवतो. उदाहरणं मुख्यतः मायक्रोसॉफ्ट ३६५ ची आहेत, कारण आपल्याकडच्या बहुतेक ऑफिसांची मेल त्यावरच चालते. बाकीच्या कंपन्यांचे नियम थोडे इकडे-तिकडे आहेत, ते शेवटी सांगतो.

चूक पहिली: रिन्यूअलचं बिल हातात आल्यावर जागं होणं

शिरोलीतल्या एका फाउंड्रीची गोष्ट. ४० सीट, वर्षाचा करार, पैसे एकरकमी. वर्षभरात एक शिफ्ट बंद झाली, काही सुपरवायझर गेले आणि खऱ्या अर्थाने लागणाऱ्या सीट उरल्या २८. हे सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. रिन्यूअलची तारीख आली वसुबारसेला. ऑटो-रिन्यू चालू होतं (ते मुळात चालूच येतं, बंद करावं लागतं). सूचनेचे मेल जात होते उन्हाळ्यात नोकरी सोडून गेलेल्या आयटीच्या पोराच्या पत्त्यावर. कारखाना भाऊबीजेनंतरच्या सोमवारी उघडला, तेव्हा रिन्यूअलचा नववा दिवस होता.

मालकांचा फोन आला. "बारा सीटचे पैसे परत घ्या की त्यांच्याकडनं. वापरतोय कोण?"

वापरतोय कोण, हा प्रश्न तिथे चालत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सध्याच्या पद्धतीत, जी २०२२ पासून लागू झाली, खरेदीपासून किंवा रिन्यूअलपासून ७ दिवसांत सीट कमी करता येतात किंवा करारच रद्द करता येतो. त्यानंतर मुदत संपेपर्यंत आकडा फक्त वाढतो, घटत नाही. हे सात दिवस कॅलेंडरचे आहेत, म्हणजे मोजून १६८ तास. रविवार, दिवाळी, जोतिबाची यात्रा, काही वजा होत नाही.

हिशोब सोपा करण्यासाठी दर महिना ५०० रुपये सीट धरू. १२ सीट, १२ महिने, म्हणजे ७२,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी १२,९६०. जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणून खरं नुकसान ७२,००० चं. हेच जर चौथ्या दिवशी कळवलं असतं, तर वापरलेल्या चार दिवसांचे साधारण ७८९ रुपये कापून ७१,२११ परत आले असते. एक फोन, तोही वसुबारस ते भाऊबीज यांच्या मधे कधीही.

त्यातून "तुम्ही ओळखीचे आहात, काहीतरी करा" असा आग्रह सुरू होतो. करायला काही नसतं. सात दिवस उलटले की ज्याच्यामार्फत सीट घेतल्या त्या डीलरला मायक्रोसॉफ्ट वर्षभराचं बिल लावते, मग ग्राहकाने पैसे दिले काय आणि नाही दिले काय. डीलरने क्रेडिट दिलं तर ते त्याच्या खिशातून जातं. एखादा डीलर जुनं गिऱ्हाईक म्हणून देईलही, पण तो उपकार झाला, हक्क नव्हे, आणि पुढच्या कोटेशनमध्ये तो कुठून वसूल होतो हे बघायला जाऊ नका.

माझी सवय सांगतो. रिन्यूअलच्या ४५ दिवस आधी एचआरकडून पगारपत्रकातली नावं मागवायची आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ ॲडमिन सेंटरच्या `Billing > Licenses` मधल्या नेमलेल्या लायसन्सशी एकेक नाव लावून बघायचं. आयटीची यादी नको, पगारपत्रकच, कारण गेलेल्या माणसाचा पगार कुणी चालू ठेवत नाही, पण मेल मात्र वर्षानुवर्षं चालू असते. आकडा ठरला की रिन्यूअलची वाट न बघता त्याच दिवशी डीलरला लेखी कळवायचं. डीलरला मायक्रोसॉफ्टच्या Partner Center मध्ये "पुढच्या मुदतीपासून इतक्या सीट" असं आधीच नोंदवून ठेवता येतं, आणि मुदत संपली की ते आपोआप लागू होतं. नोंद झाल्याचा स्क्रीनशॉट मागून घ्या. "झालंय साहेब" हे फोनवरचं उत्तर मी धरत नाही. मधल्या काळात सीट वाढवल्या असतील, तर आधी नोंदवलेला आकडा पुन्हा उघडून बघा.

चूक दुसरी: महिन्याचं बिल म्हणजे महिन्याचा करार समजणं

यात भलेभले फसतात. बिल दर महिन्याला येतं म्हणून लोकांना वाटतं, पुढच्या महिन्यापासून पाच सीट कमी करू. पण करार किती मुदतीचा आणि पैसे किती हप्त्यांत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षाचा करार हप्त्याहप्त्याने भरत असाल तर तो वर्षाचाच राहतो. हप्ते थांबवले तरी उरलेल्या महिन्यांची देणी तुमच्या नावावर उभी असतात. आणि या हप्त्याच्या सोयीचे एप्रिल २०२५ पासून ५ टक्के जादा लागतात, म्हणजे आपल्या उदाहरणात ५०० ऐवजी ५२५.

खरा महिन्याचा करार वेगळा असतो. त्याला साधारण २० टक्के जादा पडतात, म्हणजे सीटमागे ६००. कमी करायची मुभा दर महिन्याच्या रिन्यूअलला. "२० टक्के जादा कशाला?" म्हणत बहुतेकजण तो नाकारतात, आणि मला त्याचंच आश्चर्य वाटतं. वर्षाची सीट ६,००० ला पडते. महिन्याची सीट दहा महिने ठेवली तर तेवढेच होतात. दहा महिन्यांपेक्षा कमी लागणारी प्रत्येक सीट महिन्याच्या करारावरच स्वस्त.

आपल्या भागात याचं सगळ्यात साधं उदाहरण साखर कारखाना. हंगामात केन यार्ड, वजनकाटा, शेती विभाग इथे तात्पुरती माणसं येतात. पाच महिन्यांच्या हंगामासाठी सीट महिन्याच्या करारावर घेतली तर ३,००० लागतात, वर्षाच्या करारावर ६,०००, आणि त्यातले सात महिने ती नुसती पडून असते. मी कायम दोन वेगळी सबस्क्रिप्शन ठेवायला सांगतो. बारा महिने हमखास बसणारी माणसं वर्षाच्या करारावर, बाकीची महिन्याच्या. दोन बिलं सांभाळायचा कंटाळा करणाऱ्यांनी मग परताव्यासाठी भांडू नये.

आपला करार कुठला, हे कळायला डीलरला विचारायचीही गरज नाही. `Billing > Your products` मध्ये सबस्क्रिप्शन उघडा. मुदत संपायची तारीख महिन्याभरापेक्षा लांबची दिसली तर वर्षाचा करार, मग बिल कितीही वेळा येऊ दे.

चूक तिसरी: युजर डिलीट केला की सीट कमी झाली असं वाटणं

नाही होत. युजर काढला की लायसन्स मोकळं होतं, म्हणजे दुसऱ्याला देता येतं. बिल सीटच्या संख्येवर येतं, माणसांच्या नाही.

उलट घाईघाईने डिलीट करण्यात दुसरंच नुकसान होतं. लायसन्स काढल्यावर मेलबॉक्स ३० दिवस राहतो, मग जातो. पर्चेसच्या माणसाची सगळी कोटेशनं त्यात असतात आणि ती आठवतात ऑडिटला. क्रम असा ठेवा: लायसन्स असतानाच `Convert to shared mailbox` करा, मग साइन-इन बंद करा, मग लायसन्स काढा. ५० जीबीपर्यंतच्या शेअर्ड मेलबॉक्सला लायसन्स लागत नाही. वनड्राइव्हमधल्या फायली मात्र वेगळ्या उतरवून घ्या, त्या शेअर्ड मेलबॉक्सबरोबर येत नाहीत. हे सगळं रिन्यूअलच्या आदल्या संध्याकाळी करणारी मंडळी मला माहीत आहेत. त्यांना फोन कधी येतो, तेही माहीत आहे.

मधेच अडकलात तर

सात दिवस गेले, रोख परतावा संपला. तरी दोन वाटा उरतात. मोकळं लायसन्स नव्या माणसाला द्या आणि ते संपेपर्यंत नवीन सीट घेऊ नका. हे सांगावं लागतं, कारण एचआर परस्पर पाच सीट मागवतं आणि अकाउंट्सकडे बारा मोकळ्या पडलेल्या असतात. दुसरी वाट वरच्या प्लॅनची. काही सीट बिझनेस बेसिकवरून बिझनेस स्टँडर्डवर न्यायच्याच असतील तर मुदतीच्या मधेही नेता येतात, आणि जुन्या प्लॅनच्या उरलेल्या दिवसांचं मोल नव्याच्या किमतीतून वजा होतं. खालच्या प्लॅनवर यायला मात्र रिन्यूअलच.

मधे वाढवलेल्या सीटना त्यांचे स्वतःचे सात दिवस मिळतात. चुकून दहाऐवजी वीस घेतल्या तर त्या जादाच्या दहा परत करता येतात. त्या निमित्ताने जुन्या मात्र नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. गूगल वर्कस्पेसच्या वार्षिक प्लॅनवर मधे सीट घटत नाहीत, फ्लेक्सिबल प्लॅनवर घटतात. तिथे युजर "सस्पेंड" करून पैसे वाचतील हा गैरसमज आहे, सस्पेंड युजरचंही बिल लागतं. अडोबीच्या टीम्स प्लॅनला रद्द करायला १४ दिवसांची मुदत असते. स्लॅकमध्ये न वापरणाऱ्या सदस्यांचं क्रेडिट जमा होतं, पण ते पुढच्या बिलात वळतं, बँकेत येत नाही.

क्रेडिट मिळालं, तर कागद बघा

डीलर म्हणाला की पुढच्या बिलात ॲडजस्ट करतो, तर थांबा आणि क्रेडिट नोट मागा. वरच्या उदाहरणात ७१,२११ वर जीएसटी १२,८१८ येतो. जीएसटीसकट क्रेडिट नोट आली, की तुम्ही आधी घेतलेलं तेवढं इनपुट क्रेडिट उलटवायचं. डीलरला ती नोट ज्या आर्थिक वर्षातलं मूळ बिल आहे, त्याच्या पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक रिटर्न आधी भरलं तर तोवरच, रिटर्नमध्ये दाखवता येते. त्यानंतर तो म्हणेल, फक्त मूळ रकमेची देतो, कराची नाही. तेव्हा तुम्हालाही कराचं क्रेडिट उलटवावं लागत नाही, हे तुमच्या सीएला सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीने उलटवून मोकळा होतो.